फोटोतला आठ की तीन?

मार्च संपला की छोट्या कारखान्यांतून हिशेबनिसाच्या मोबाइलवर एक फोटो येतो: स्थिर मालमत्तेच्या नोंदवहीचं पान. शिवणीजवळचे आकडे वाकलेले, एका कडेला अंगठ्याची सावली.

समजा, लेथ मशीनच्या ओळीत १ एप्रिल २०२४ ची आरंभीची किंमत २,३९,००० दिसते. शेजारी घसारा ४३,३५०. आयकराच्या नियमांत यंत्रांना साधारणपणे १५ टक्के दर आहे, आणि २,३९,००० चे १५ टक्के ३५,८५० होतात. मग उलटं गणित करायचं. ४३,३५० ला ०.१५ ने भागलं की २,८९,००० येतात. इंग्रजी आकड्यांतल्या आठाची डावी बाजू पुसट झाली की तो तीनच दिसतो!

तरी इथे थांबू नये. लेथ जून २०२२ मध्ये ४,००,००० ला घेतलेलं. पहिल्या वर्षी ६०,००० घसारा, उरले ३,४०,०००. दुसऱ्या वर्षी ५१,०००, उरले २,८९,०००. साखळी जुळली.

दराच्या रकान्यातही अशीच फसगत होते. संगणकाचा ४० फोटोत १० वाटतो, आणि १० हा फर्निचरचा दर असल्याने शंकाही येत नाही. उलट, साडेसात टक्के दिसले तर लगेच चूक म्हणू नये. खरेदीच्या वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल, तर निम्माच दर लागतो.

मात्र गुणाकार जुळला म्हणजे किंमत खरी ठरत नाही. गेल्या वर्षीची चूक तशीच पुढे ओढलेली असू शकते. त्यासाठी मागच्या ताळेबंदासोबतचा घसाऱ्याचा तक्ताच मागवावा लागतो.