सतरा टक्क्यांची रेघ

डिसेंबरातली रविवारची सकाळ आहे. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका जुन्या मराठी घराच्या व्हरांड्यात जेवणाचं टेबल बाहेर काढून ठेवलंय. टेबलावर तीन वह्या, एक लॅपटॉप आणि धानाच्या बंद पुड्या. प्रत्येक पुडीवर स्केचपेनने आकडा टाकलेला. काका खुर्ची उन्हात ओढून बसलेत. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्या कॉलेजची सुरुवात १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्राचं महाविद्यालय म्हणून झाली आणि २००५ मध्ये ते एनआयटी झालं. समोर त्यांची नात आणि तिचे दोन वर्गमित्र बसलेत. तिघंही इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. जानेवारीत सिनॉप्सिस द्यायचाय.

लॅपटॉपवर मथळा दिसतोय: ‘आयओटी आधारित स्मार्ट धान ओलावा मापन प्रणाली’. खाली चार उद्दिष्टं आहेत. धानातल्या ओलाव्याचा अभ्यास करणे. स्वस्त व अचूक यंत्र तयार करणे. मोबाइल अॅप विकसित करणे. शेतकऱ्यांना मदत करणे.

काका मथळ्यावर बोट ठेवतात. “हे उत्तर झालं. प्रश्न कुठाय?”

नात म्हणते, “आजोबा, खाली लिहिलाय ना. सध्या स्वस्त आणि अचूक ओलावामापक उपलब्ध नाही.”

“म्हणजे तुमचं यंत्र नाही, हाच तुमचा प्रश्न. ते यंत्र या कागदावरून पुसून टाक. मग सांग, अडचण कोणाची आहे?”

ती खरोखरच मथळा पुसते. कोऱ्या पडद्याकडे तिघंही जरा वेळ बघत राहतात. मग आरंगकडचा मुलगा बोलू लागतो. त्याच्या घरी धानाची शेती आहे. तो हिंदीत सुरू करतो आणि काकांसाठी मधेमधे मराठीत येतो. सोसायटीत धान द्यायचं तर टोकन लागतं, टोकनच्या दिवशी ट्रॅक्टर सांगावा लागतो, हमाल लागतात. तिथे मीटर लावतात. ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला तर धान घेत नाहीत. मग एक तर तिथेच पसरून वाळवायचं, नाही तर परत न्यायचं. ट्रॅक्टरचं भाडं द्यावंच लागतं.

“आणि घरून निघताना वडिलांना कसं कळतं धान वाळलंय ते?”

“दाताने, सर. दाणा दाढेखाली फोडतात. कट्ट आवाज आला की झालं.”

हा दाताचा अंदाज किती खरा ठरतो ते मोजायला काकांनी त्यांना मागच्या बैठकीत कामाला लावलं होतं. आज त्याची वही उघडते. वेगवेगळ्या ढिगांतून वीस नमुने घेतलेत. प्रत्येक नमुना वडिलांनी चावून बघितला आणि ‘वाळलं’ किंवा ‘ओलं’ असं सांगितलं. नंतर तोच नमुना प्रयोगशाळेत हॉट एअर ओव्हनमध्ये तपासला. पद्धत त्याने समासात लिहून ठेवलीय: दळलेलं धान ५ ग्रॅम, १३० अंश सेल्सिअसवर २ तास, आधी वजन, नंतर वजन. एका ओळीवर माझी नजर थांबते. ५.००० ग्रॅमचे ४.१७० झाले. गेलेलं पाणी ०.८३० ग्रॅम, म्हणजे १६.६ टक्के. पुढे कंसात टीप आहे की फार ओलं धान दळतानाच पाणी सोडतं, म्हणून तसे नमुने आधी थोडे वाळवून, ती घट वेगळी मोजून मग दळले.

“आता वडील किती वेळा चुकले ते सांग.”

“वीसात पाच वेळा.”

“कोणत्या पाच?”

मुलगा वहीत बोट फिरवत जातो. चुकलेल्या पाचही नमुन्यांचा ओलावा १६ आणि १८ च्या मधला आहे. या पट्ट्यात एकूण बारा नमुने होते. १६ च्या खालच्या आणि १८ च्या वरच्या उरलेल्या आठांत वडील एकदाही चुकलेले नाहीत.

काका खुर्चीत पुढे सरकतात. “म्हणजे वडिलांना ओलावा कळत नाही, असं नाहीच. त्यांना तो चांगला कळतो. फक्त सतराच्या रेघेजवळ कळत नाही, आणि पैसा त्या रेघेवरच अडतो. हे लिहा.”

नात लिहू लागते. पहिलं वाक्य लांबतं, ती ते तोडते. ‘शेतकरी’ लिहिते, तर काका विचारतात, कुठला? ‘अचूक’ लिहिते, तर काका विचारतात, किती? बऱ्याच खोडाखोडीनंतर पडद्यावर एक परिच्छेद उभा राहतो:

‘आरंग परिसरातला छोटा शेतकरी धान सोसायटीत नेण्यापूर्वी दाणा चावून ओलाव्याचा अंदाज घेतो. आमच्या वीस नमुन्यांच्या तपासणीत १६ ते १८ टक्क्यांच्या पट्ट्यातल्या बारांपैकी पाच नमुन्यांबाबत हा अंदाज चुकला. खरेदीची मर्यादा १७ टक्के असल्याने नेमक्या याच पट्ट्यातली चूक महागात पडते: धान परत येते किंवा गरज नसताना आणखी वाळवले जाते. ट्रॅक्टर सांगण्यापूर्वी घरच्या खळ्यावर या पट्ट्यातला निर्णय घेण्याचे परवडणारे साधन या शेतकऱ्याजवळ नाही.’

यात सेन्सर नाही, अॅप नाही, आयओटी नाही. कोण, कुठे, केव्हा, आज काय होतं, त्याचा पुरावा काय आणि चुकीची किंमत कोण देतं, एवढंच आहे. तिसरा मुलगा आतापर्यंत गप्प होता. तो विचारतो, “सर, गाइड म्हणतील आयओटी कुठे गेलं?”

“वहीतल्या कुठल्या आकड्याने आयओटी मागितलंय?” काका विचारतात. उत्तर येत नाही. “मग ते पुढच्या विस्तारात लिहा.”

चहा येतो. कप वह्यांपासून लांब ठेवले जातात आणि उद्दिष्टांना हात घातला जातो. ‘अभ्यास करणे’ आणि ‘मदत करणे’ ही दोन्ही उद्दिष्टं काका एका प्रश्नात निकालात काढतात: व्हायवाच्या दिवशी काय दिसलं तर हे उद्दिष्ट फसलं असं परीक्षक म्हणेल? अभ्यास कधीच फसत नाही, म्हणून तो उद्दिष्ट होऊ शकत नाही.

नात सुधारून लिहिते: ‘९५ टक्के अचूकतेचे यंत्र तयार करणे’. आकडा आल्यामुळे तिला बरं वाटलेलं दिसतंय. काका कागद ओढून घेतात.

“सतराचे पाच टक्के किती?”

“०.८५.”

“म्हणजे १७.८ टक्के ओलं धान तुझं यंत्र १७ दाखवेल, आणि तरी तू ९५ टक्के अचूक. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन जाईल आणि परत येईल.” ते कागदावर आणखी एक ओळ लिहितात. “आता सेन्सरच नसलेलं यंत्र करू. काहीही घाला, ते १६ दाखवतं. नमुने १५.३ ते १६.८ मधलेच घेतले, तर तेही ९५ टक्के अचूक ठरतं.”

तिसरा मुलगा कॅल्क्युलेटरवर दोन्ही टोकं तपासतो. चूक दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या आतच येते. म्हणजे नुसत्या आकड्याने भागत नाही. कशाशी ताडून, कोणत्या टप्प्यात आणि किती नमुन्यांवर, हे त्याच वाक्यात यावं लागतं. आणि चूक मोजायची ती टक्क्याच्या टक्क्यांत नाही, थेट ओलाव्याच्या अंकांत.

पुढची चर्चा मला सगळ्यात मोलाची वाटते. नात लिहिते की सरासरी चूक ०.५ अंकापेक्षा जास्त नसावी. काका म्हणतात, सरासरी ०.५ असली तरी एखादी चूक १ सुद्धा असू शकते, आणि शेतकऱ्याच्या खळ्यावर सरासरी नसते, एकच ढीग असतो. ‘सरासरी’ खोडून ‘प्रत्येक’ होतं. मग आरंगचा मुलगा आपणहून पुढचं बोलतो. चूक ०.५ पर्यंत असणार असेल, तर यंत्राने १६.८ ला ‘ने’ म्हणायलाच नको, कारण खरं धान १७.३ असू शकतं. ‘ने’ फक्त १६.५ च्या आत. त्यावर दिसलं तर ‘अजून वाळव’.

“मग १६.८ चं खरंच वाळलेलं धान उगाच एक दिवस उन्हात पडेल,” नात म्हणते.

“पडेल. पण दोन चुकांचे भाव सारखे नाहीत,” काका म्हणतात. “एकीत ट्रॅक्टर आणि टोकन जातं, दुसरीत एक दिवस जातो. कुठली चूक चालेल आणि कुठली मुळीच नाही, हे उद्दिष्टातच सांगा.”

दुपारपर्यंत तीन उद्दिष्टं पक्की होतात. पहिलं: स्वर्णा जातीच्या, १२ ते २० टक्के ओलाव्याच्या ३० नमुन्यांवर, त्यांतले निम्मे १६ ते १८ च्या पट्ट्यातले, यंत्राचं प्रत्येक मापन ओव्हनच्या निकालाच्या ०.५ अंकाच्या आत असावं. आणि १७ च्या वरचा एकही नमुना ‘ने’ म्हणून दाखवला जाऊ नये. दुसरं: तोच बंद नमुना १५ आणि ४० अंश सेल्सिअसवर मोजला, तर दोन मापनांत ०.५ अंकापेक्षा जास्त फरक नसावा. यंत्र ओलावा ओळखणार तो धानाच्या विद्युतधारितेवरून, पण ती तापमानानेही बदलते, आणि खळ्यावरचं धान सकाळी गार, दुपारी तापलेलं असतं. तिसरं: सुट्या भागांचा खर्च २,५०० रुपयांच्या आत आणि एक मापन एका मिनिटात.

शेवटी मर्यादा लिहिल्या जातात. दुसऱ्या जातीच्या दाण्याचा आकार आणि भरण वेगळी, म्हणून यंत्र तिच्यासाठी पुन्हा जुळवावं लागेल. ओले नमुने पाणी शिंपडून, बंद बरणीत मुरवून करायचे ठरवले होते, पण असं धान शेतातून आलेल्या ताज्या धानासारखं वागेलच असं नाही. त्यामुळे निदान दहा नमुने खळ्यावरचे घ्यायचे, आणि तेही खरेदीचा हंगाम संपायच्या आत. त्या एका ओळीने कामाचं वेळापत्रकही ठरून जातं.

“आणि सर, तीसातलं एक मापन ०.६ ने चुकलं तर?” तिसरा मुलगा विचारतो.

“तर लिहायचं, २९ बसले, एक बसलं नाही, आणि का ते. उद्दिष्ट नीट लिहिलेलं असेल तर अपयशही मोजता येतं. आकडा नंतर बदलायचा नाही.”

शेवटच्या वर्षाचे जे विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगणं आहे. सिनॉप्सिस गाइडच्या हाती देण्याआधी मथळ्यातलं यंत्र झाकून समस्या पुन्हा वाचा. ती तरीही उभी राहते का बघा. मग प्रत्येक उद्दिष्टाखाली पेन्सिलने लिहा, काय मोजलं तर हे फसलं असं ठरेल. ज्याखाली काहीच लिहिता येत नाही, ते खोडा. आणि आजची पद्धत किती वेळा चुकते हे स्वतः मोजल्याशिवाय आपलं यंत्र किती चुकावं, हा आकडा लिहू नका.