अठराव्या अक्षांशावरचा पाऊस, माती आणि नद्या

दहावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या भूगोलात एक प्रश्न वेगवेगळ्या वेषांत येत असतो. चार ठिकाणे देतात आणि पावसाच्या चढत्या क्रमाने लावायला सांगतात. समजा ती ठिकाणे अशी आहेत : नागपूर, महाबळेश्वर, फलटण, रत्नागिरी. आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक मुले आकडे पाठ करून बसतात, आणि पाचवे ठिकाण आले की अडकतात. आकडा आठवत नसेल तरी नकाशा समोर असला की उत्तर काढता येते. ते कसे, हे आपण एकाच रेषेवर पाहू.

ॲटलास उघडा आणि १८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवा. समुद्रकाठी हरिहरेश्वर आणि बाणकोटची खाडी लागते. तिथून सरळ रेषेत जेमतेम सत्तर किलोमीटरवर महाबळेश्वर आहे. त्याच्या पलीकडे वाई, मग फलटण, आणि थोडे दक्षिणेला सरकून पंढरपूर व सोलापूर. एवढ्या अंतरात पाऊस, माती आणि नद्यांची दिशा, तिन्ही बदलतात.

पहिला प्रश्न नेहमी वाऱ्याचा विचारावा : वारा कुठून येतो आणि वाटेत त्याला काय आडवे येते? जून ते सप्टेंबर वारे नैर्ऋत्येकडून, म्हणजे अरबी समुद्रावरून, बाष्प घेऊन येतात. सह्याद्री त्यांना आडवा उभा आहे. वारा वर चढतो, चढताना थंड होतो आणि थंड हवेला तेवढे बाष्प धरून ठेवता येत नाही. म्हणून किनाऱ्यापेक्षाही जास्त पाऊस घाटमाथ्यावर पडतो. रत्नागिरीला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर किंवा थोडा अधिक, तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरहून जास्त. समुद्राच्या जवळ म्हणजे पाऊस जास्त, असे धरून चालणारा विद्यार्थी इथे चुकतो.

माथा ओलांडल्यावर तोच वारा खाली उतरतो, उतरताना तापतो, आणि तापलेली हवा पाऊस देत नाही. महाबळेश्वरहून पाचगणी वीस किलोमीटरही नाही, पण तिथे पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो. वाईला आणखी कमी, आणि फलटणला सुमारे ५०० मिलिमीटर. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण, खटाव, फलटण ही नावे दुष्काळाच्या बातम्यांत का येतात, त्याचे उत्तर महाबळेश्वरच्या धुक्यात आहे.

आता नागपूर. इथे फसगत ठरलेली. पूर्वेकडे जाताना पाऊस कमी होत गेला, म्हणून मुले नागपूरला सर्वांत कमी पावसाच्या जागी टाकतात. पण नागपूरला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच्याही पूर्वेला गडचिरोलीला त्याहून जास्त. कारण तिथला बराचसा पाऊस दुसऱ्या दाराने येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकत विदर्भापर्यंत येतात. म्हणजे महाराष्ट्राचा पाऊस दोन्ही बाजूंना जास्त आणि मध्ये कमी आहे. क्रम लागला : फलटण, नागपूर, रत्नागिरी, महाबळेश्वर.

मातीच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : खाली खडक कोणता आणि वर पाऊस किती. हरिहरेश्वरपासून सोलापूरपर्यंत खाली खडक एकच आहे, लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट. तरी कोकणात माती तांबडी आणि सोलापुरात काळी. का? कोकणातला धो धो पाऊस आणि उष्णता खडकातला चुना, सिलिका यांसारखी द्रव्ये धुऊन नेतात. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे उरतात, आणि लोह गंजले की रंग तांबडा होतो. हीच जांभी माती. तिचा घट्ट थर म्हणजे जांभा दगड. त्याचे चिरे काढून कोकणात घरे आणि मशिदी बांधल्या गेल्या, हे गावाकडे गेलेल्या कुणालाही माहीत आहे. या मातीत पाणी टिकत नाही, म्हणून उतारावर आंबा-काजू आणि सखल खाचरांत भात.

देशावर पाऊस कमी, त्यामुळे तीच द्रव्ये मातीत राहतात आणि बारीक चिकणमाती तयार होते. ती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. मंगळवेढ्याची ज्वारी याच गुणावर उभी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते, त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतो, आणि पीक मातीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. ‘कमी पावसाच्या भागात हिवाळ्यात कोरडवाहू ज्वारी कशी येते?’ या प्रश्नाचे उत्तर पावसात शोधू नये, मातीत शोधावे.

मात्र सबंध देश काळाभोर आहे असेही समजू नये. खोल काळी माती भीमा, कृष्णा, गोदावरीच्या खोऱ्यांत असते. डोंगरउतारावर मुरमाड, उथळ जमीन मिळते. आणि भंडारा, गडचिरोलीकडे गेलात की बेसॉल्टच संपतो, फार जुने खडक लागतात. तिथे पिवळसर-तांबडी माती, भात आणि तळी दिसतात. म्हणून ‘महाराष्ट्र म्हणजे काळी माती’ असा पर्याय दिसला की आधी ठिकाण कुठे आहे ते पाहावे.

नद्यांकडे वळू. महाबळेश्वरच्या माथ्यावरून सावित्री पश्चिमेला उतरते आणि कृष्णा पूर्वेला. उगम शेजारी, पण सावित्री महाडवरून शे-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीला मिळते, तर कृष्णेला बंगालचा उपसागर गाठायला सुमारे १,४०० किलोमीटर लागतात. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, एवढे कळले की गोदावरी, भीमा, कृष्णा यांची दिशा पाठ करावी लागत नाही. कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान. त्यांच्या मुखाशी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते, गाळ पसरून साचत नाही, म्हणून खाडी तयार होते. कृष्णा लांबचा गाळ आणून सपाट किनाऱ्यावर पसरवते, म्हणून तिथे त्रिभुज प्रदेश. नर्मदा आणि तापी या नियमाबाहेर आहेत : त्या खचदरीतून वाहतात, आणि ती दरी त्यांना पश्चिमेकडे नेते. परीक्षक अपवाद विचारतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

शेवटी घरी बसून सोडवायला एक प्रश्न. पंढरपुरात आठवडाभर पाऊस नाही, ऊन पडले आहे, तरी चंद्रभागेला पूर येतो. कसे? नकाशावर पंढरपूरहून भीमेच्या उलट दिशेने बोट न्या. उजनी धरण लागेल, त्याच्या वर भीमाशंकरचा घाटमाथा. नीरेवरून बोट नेलेत तर वीर धरण आणि त्याच्या वर भोरकडचे डोंगर. पाऊस तिथे पडलेला असतो. धरणे भरली की पाणी सोडतात, आणि नीरा व भीमा नरसिंगपूरला एकत्र येऊन ते पंढरपूरला आणतात.