भेंडी बुळबुळीत होऊ नये म्हणून…

भेंडीची भाजी बुळबुळीत झाली, की घरातली मुलं हमखास नाकं मुरडतात. भेंडीतल्या चिकट रसाला पाणी मिळालं, की त्याच्या तारा सुटतात. म्हणून पाव किलो भेंडी अख्खीच धुवा, फडक्याने पुसा आणि अर्धा तास पसरून ठेवा. विळी किंवा सुरीही कोरडीच हवी. चकत्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड कापा. फार बारीक कापल्या तर रस जास्त सुटतो.

पसरट लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करा. भेंडी एका थरात पसरून चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर परता. झाकण अजिबात नको, वाफेचं पाणी भाजीतच पडतं. मग आच मध्यम करून सात-आठ मिनिटं अधूनमधून हलवा. उलथन्याला तार येईनाशी झाली आणि कडा तांबूस दिसल्या, की मगच मीठ घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं. तरीही तार दिसली तर थोडं लिंबू पिळून दोन मिनिटं परता. भेंडी अर्धा किलो असेल, तर दोन घाण्यांत करा.