मूल्य हाच पत्ता

आकड्यांची एक रांग घ्या: ३, ६, १, ८, ४, ७, २, ५. यातले नको ते आकडे गाळायचे, पण उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही. अट एकच. उरलेल्या रांगेत शेजारी आलेल्या कोणत्याही दोन आकड्यांतला फरक २ पेक्षा जास्त नको. मग मोठा आधी की लहान आधी, याला महत्त्व नाही. अशी जास्तीत जास्त लांब साखळी किती आकड्यांची होईल?

पहिल्यांदा सुचते ती रीत अशी, की डावीकडून सुरुवात करायची आणि जो आकडा बसेल तो घेत जायचा. ३ घेतला, ६ बसत नाही, १ बसतो, ८, ४ आणि ७ बसत नाहीत, २ बसतो, ५ बसत नाही. हाती आली ३, १, २ अशी तीन आकड्यांची साखळी. पण याच रांगेत ६, ८, ७, ५ ही चार आकड्यांची साखळी दडलेली आहे, आणि ती मिळवायची तर पहिला ३ सोडून द्यावा लागतो. समोर आला म्हणून घेतला, की पुढची वाट बंद होते.

हे कोडे सप्टेंबर २०२० मध्ये जपानच्या अ‍ॅटकोडर या संस्थेच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत ‘फ्लॅट सबसिक्वेन्स’ या नावाने विचारले गेले होते. तिथे रांगेत ३ लाखांपर्यंत आकडे, प्रत्येक आकडा ० ते ३ लाखांच्या दरम्यान, आणि चालणारा जास्तीत जास्त फरक k हाही दिलेला. एवढ्या रांगेतल्या शक्य त्या सगळ्या साखळ्या तपासून पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

सुटका होते ती एका निरीक्षणामुळे. साखळी पुढे वाढवायची असेल, तर ती आतापर्यंत कुठून कशी आली याच्याशी आपल्याला काही देणेघेणे नसते. तिचा शेवटचा आकडा कोणता आणि लांबी किती, एवढेच पुरते. म्हणून रांगेतल्या प्रत्येक आकड्यापाशी थांबून एकच गोष्ट काढायची: इथे संपणारी सर्वांत लांब साखळी किती? तिच्यासाठी मागे वळून, फरकाच्या अटीत बसणाऱ्या आकड्यांपैकी सर्वांत लांब साखळी कोणापाशी संपते ते पाहायचे आणि त्यात १ मिळवायचा.

उत्तर बरोबर येते, पण वेळ जातो तो या मागे वळून पाहण्यात. ३ लाखांतल्या प्रत्येकाने आपल्या मागच्या प्रत्येकाला विचारायचे ठरवले, तर सुमारे ४,५०० कोटी तुलना होतात. स्पर्धेतली काही सेकंदांची मुदत त्यात कुठल्या कुठे उडून जाते.

आता माझ्या मते या कोड्यातली सर्वांत सुंदर गोष्ट येते. आपण मागे वळून जागेनुसार शोधत होतो: पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. पण अट जागेबद्दल काही बोलतच नाही, ती बोलते मूल्याबद्दल. तेव्हा लांबीची नोंद जागेच्या नावावर न ठेवता मूल्याच्या नावावर ठेवावी. ‘पाचव्या आकड्यापाशी संपणारी साखळी’ असे न लिहिता ‘४ या मूल्यापाशी संपणारी साखळी’ असे लिहावे. तसे केले, की ५ हा आकडा आल्यावर त्याला चालणारे सगळे उमेदवार ३ ते ७ या सलग कप्प्यांत बसलेले सापडतात. इतस्ततः विखुरलेला शोध एका अखंड पट्ट्यात येतो. क्रमाची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही, कारण आपण रांग डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तक्त्यात फक्त आधी येऊन गेलेल्यांच्याच नोंदी असतात.

पट्ट्यातली सर्वांत मोठी नोंद झटपट काढण्यासाठी सेगमेंट ट्री ही रचना वापरतात. तळाशी प्रत्येक मूल्याचा एक कप्पा. त्यावर दोन-दोन कप्प्यांची जोडी, आणि जोडीवर दोघांतली मोठी नोंद लिहिलेली. मग जोड्यांच्या जोड्या, असे करत शिखरापर्यंत. आपल्या रांगेत १ ते ८ असे आठ कप्पे आहेत. सुरुवातीला सगळीकडे शून्य. सात आकडे वाचून झाल्यावर १ ते ८ या कप्प्यांतल्या नोंदी अनुक्रमे २, ३, १, २, ०, १, ३, २ अशा असतात.

आता शेवटचा ५ येतो. त्याला ३ ते ७ हा पट्टा हवा. पाचही कप्पे उघडायची गरज नाही. ३ आणि ४ ची जोडी सांगते २, ५ आणि ६ ची जोडी सांगते १, आणि एकटा उरलेला ७ चा कप्पा सांगतो ३. सर्वांत मोठी नोंद ३, म्हणून ५ पाशी लांबी झाली ४. ती ५ च्या कप्प्यात लिहायची, आणि तिथून वर जाताना वाटेतल्या नोंदी सुधारायच्या: ५-६ ची जोडी, ५ ते ८ चा गट, मग शिखर. शिखरावर आता ४ दिसतो, तेच अंतिम उत्तर.

आठ कप्प्यांत ही बचत किरकोळ वाटते. ३ लाख कप्प्यांच्या झाडाला मात्र शिखरापासून तळापर्यंत अवघ्या १९ पायऱ्या असतात. एक पट्टा विचारणे आणि एक नोंद बदलणे मिळून साठच्या आसपास कप्पे हाताळले जातात, आणि एकूण काम साधारण २ कोटींच्या आत राहते.

अ‍ॅटकोडरच्या तयार लायब्ररीतून हे लिहिले, तर प्रत्येक आकड्यासाठीचे काम एवढेच:

```cpp
int l = max(0, a - k);
int r = min(MAX, a + k);
int best = seg.prod(l, r + 1) + 1;
seg.set(a, best);
```

पहिल्या दोन ओळी पट्टा तक्त्याबाहेर जाऊ देत नाहीत. `prod` उजवे टोक मोजत नाही, म्हणून `r + 1` लिहावे लागते. तो विसरला, तर नेमका k ने मोठा असलेला शेजारी हरवतो, आणि k शून्य असताना पट्टा रिकामा राहून उत्तर नेहमी १ येते. म्हणून ७, ७, ७ ही रांग k शून्य ठेवून चालवून पाहावी. उत्तर ३ यायलाच हवे.

तोच आकडा पुन्हा आला तर जुनी नोंद पुसली जाईल, ही शंकाही इथे रास्त आहे. पण पट्ट्यात तो स्वतःचा कप्पाही असतो, त्यामुळे नवी नोंद जुनीपेक्षा किमान १ ने मोठीच निघते. बिनधास्त लिहावे.

खरी गफलत होते ती आकडे कोटींच्या घरात गेले, की. एवढे कप्पे ठेवणे परवडत नाही, म्हणून रांगेत प्रत्यक्ष आलेली वेगवेगळी मूल्ये चढत्या क्रमाने लावतात आणि प्रत्येकाला त्याचा क्रमांक देतात. झाड या क्रमांकांवर उभे करायला हरकत नाही, मात्र फरक मूळ मूल्यांतच मोजायचा. a - k पेक्षा लहान नसलेले पहिले मूल्य आणि a + k पेक्षा मोठे नसलेले शेवटचे मूल्य त्या लावलेल्या यादीत बायनरी सर्चने शोधायचे, आणि त्यांच्या क्रमांकांमधला पट्टा झाडाला विचारायचा. घाईत क्रमांकातूनच k वजा केला, की प्रोग्राम चालतो, उत्तरही देतो, पण चुकीचे. १०, २०, ३० ही रांग आणि k ची किंमत १ घेऊन हे लगेच उघडे पडते. यातले कोणतेही दोन आकडे साखळीत शेजारी बसू शकत नाहीत, त्यामुळे उत्तर १ आहे. क्रमांकात फरक मोजणारा प्रोग्राम मात्र ३ छापतो.