आपलाच मजकूर, दुसऱ्यांदा

सुरतमधल्या भेस्तानला एका खानदेशी घरी एम.ए.च्या प्रबंधिकेचं दुसरं प्रकरण तपासत होतो. विषय होता पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांमध्ये राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांचं स्थलांतर. याच विषयावर त्या घरच्या मुलीने पहिल्या सत्रात बारा पानांचा निबंध दिला होता. त्यातली नऊ पानं या प्रकरणात जशीच्या तशी उतरली होती.

"सर, माझंच तर लिहिलेलं आहे. चोरी कुणाची?"

प्रश्न वाजवी होता. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणं. स्वतःच्या मजकुराबद्दलची सूचना 20 एप्रिल 2020 ला निघाली, आणि तीही मुख्यतः पूर्वी प्रकाशित झालेल्या लेखनाबद्दलच बोलते. हिचा निबंध कुठे छापलेला नव्हता. पण त्याला गुण मिळालेले होते. त्याच पानांवर दुसऱ्यांदा गुण मागायचे, तर मार्गदर्शकांना ते आधी माहीत हवं.

तिने एक उपाय करून पाहिला होता, शब्द बदलण्याचा: 'गाव सोडलं'चं 'स्थलांतर केलं', वाक्यांची उलथापालथ. हा सगळ्यात वाईट मार्ग. प्रकाशित लेखनाच्या बाबतीत संदर्भ न देता स्वतःचाच मजकूर शब्द फिरवून वापरणं 2020 च्या सूचनेने थेट दोषात धरलं आहे. शिवाय संगणकीय तपासणीचा आकडा कमी आला, तरी त्यावरून मजकूर नवा ठरत नाही. जुना निबंध त्या प्रणालीच्या साठ्यातच नसेल, तर साम्य दिसणार कुठून?

मग पानं एकेक करून घेतली. वीस घरांच्या मुलाखती ठेवल्या, कारण ती मेहनत खरी होती. पण तक्त्याखाली टीप आली: 'या मुलाखती प्रस्तुत लेखिकेने पहिल्या सत्राच्या अप्रकाशित निबंधासाठी घेतल्या होत्या, येथे नव्या पंधरा मुलाखतींसह त्यांचे पुन्हा विश्लेषण केले आहे.' दोन वाक्यं तिला बदलायची नव्हती. ती अवतरणात गेली, संदर्भात तिचंच नाव आणि निबंधाचं वर्ष. पूर्वसंशोधनाचा भाग मात्र मूळ पुस्तकं उघडून नव्याने लिहायला लावला. एक तक्ता वर्गमैत्रिणीने केलेला निघाला, गटकार्यातला. तिथे 'माझंच' हे म्हणणं टिकतच नव्हतं. मैत्रिणीला विचारून तिचं नाव घातलं.

खरा फरक निष्कर्षात पडला. जुन्या निबंधात कोरडवाहू शेतीवर बोट ठेवून ती थांबली होती. नव्या मुलाखतींत लोक वारंवार सांगत होते, की आधी आलेल्या भाऊबंदाने खोली आणि पाळी दोन्ही मिळवून दिली. हे जुन्या पानांत नव्हतंच, आणि गुण याचेच मिळायला हवेत.

तुमच्याही कपाटात असा निबंध असेल, तर प्रकरण लिहायला घेण्याआधी मार्गदर्शकांना मेल करा: कोणता निबंध, कोणत्या सत्राचा, त्यातलं काय घेणार. विभागाचा नियम पूर्ण मनाईचा असेल तर तोच चालेल. होकार आला, तर त्याची प्रत फाइलला लावून ठेवा.