‘मंग काढली’ म्हणजे कोणी काढली?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. किती बायकांची शस्त्रक्रिया झाली, हे सर्वेक्षणातून मोजता येतं. पण ती का झाली आणि कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे कळायला बाईजवळ तासभर बसून तिचं ऐकावं लागतं. आरोग्यशास्त्रात याला गुणात्मक संशोधन म्हणतात. इथे बाईचं बोलणं हाच पुरावा असतो. ती मराठीत बोलते आणि शोधनिबंध बहुतेक वेळा इंग्रजीत छापला जातो. म्हणजे जगापुढे जातो तो भाषांतरित पुरावा.

या भाषांतरात नेमकं काय घडतं, ते एका छोट्या उताऱ्यावर पाहू. उतारा कोणा एका बाईचा नाही. अशा मुलाखतींत जे बोललं जातं त्यावरून तो मी नमुन्यादाखल जुळवला आहे.

‘पांढरं जायचं सारखं. कंबर लई दुखायची. खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा. दवाखान्यात गेलो तर डाक्टर म्हनले, पिशवी खराब झालीया, ठिवली तर क्यान्सर व्हईल. मालक म्हनले, काढून टाकू. मंग काढली.’

पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसलेला, इंग्रजी उत्तम असलेला भाषांतरकार यात पहिल्यांदा अडखळेल तो ‘मालक’ या शब्दावर, आणि आपण अडखळलो हे त्याला कळणारही नाही. तो ‘ओनर’ किंवा ‘एम्प्लॉयर’ लिहून पुढे जाईल. ऊसतोडीचा विषय, मुकादमाचा उल्लेख नुकताच झालेला, त्यामुळे वाक्य अगदी जुळून बसतं. पण ही बाई नवऱ्याबद्दल बोलते आहे. खेड्यात नवऱ्याला मालक म्हणणाऱ्या बायका आजही पुष्कळ आहेत. एका शब्दापायी घरातला निर्णय कामावरच्या जबरदस्तीचा पुरावा होऊन बसतो, आणि शोधनिबंधाचा निष्कर्षच बदलतो.

अशी चूक पकडण्यासाठी उलट भाषांतराचा उपाय सांगितला जातो. इंग्रजी मजकूर दुसऱ्या माणसाने मूळ न पाहता पुन्हा मराठीत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. रिचर्ड ब्रिस्लिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि प्रश्नावल्यांच्या भाषांतरात ती फार वापरली गेली. पण आपल्या उताऱ्यावर ती चालवून पाहा. ‘मालक’चं ‘ओनर’ झालं आणि ‘ओनर’चं पुन्हा ‘मालक’. मूळ आणि परत आलेला मजकूर तंतोतंत जुळला, चूक मात्र जागच्या जागी राहिली. ती पकडेल तो मुलाखत घेणारा क्षेत्र-कार्यकर्ता. त्याने आधीच्या अर्ध्या तासात ‘मी आन मालक, आमचा एक कोयता’ हे वाक्य ऐकलेलं असतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल त्या जोडीला मिळते. म्हणून मुलाखत घेणाऱ्याला भाषांतराच्या टेबलाशी बसवणं मला उलट भाषांतरापेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

खरी अवघड जागा शेवटची आहे: ‘मंग काढली.’ मराठीत हे क्रियापद पिशवीच्या लिंगाप्रमाणे चालतं, करणाऱ्याच्या नाही. कोण हे न सांगता बाई वाक्य पूर्ण करू शकते. इंग्रजी वाक्याला कर्ता हवा असतो, म्हणून भाषांतरकार सहज लिहितो, ‘आय गॉट इट रिमूव्ह्ड’. बाईने न उच्चारलेला ‘मी’ तिच्या तोंडी आला आणि निर्णयही तिचा झाला. ‘दे रिमूव्ह्ड इट’ लिहिलं तर तोच निर्णय दुसऱ्याच कोणाचा होतो. कर्त्याशिवायचं ‘सो इट वॉज रिमूव्ह्ड’ हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. बाईने जे मोकळं सोडलं ते इंग्रजीतही मोकळं राहतं. उलट भाषांतराचा उपयोग इथे मात्र होतो, कारण परतीच्या मराठीत ‘मी काढून घेतली’ आलं की आगंतुक ‘मी’ लगेच दिसतो.

कर्ता न सांगताही मराठी क्रियापद पुष्कळ काही सांगतं. ‘काढून घेतली’मध्ये बाईची इच्छा ऐकू येते, ‘काढावी लागली’मध्ये नाइलाज, ‘काढायला लावली’मध्ये दुसऱ्याचा दबाव. चारही रूपं इंग्रजीत ‘हॅड अ हिस्टरेक्टमी’ या एकाच साच्यात गेली, तर कोणी ठरवलं या प्रश्नाचं उत्तर भाषांतरातच पुसलं जातं. मग विश्लेषण करणारा कितीही हुशार असो, त्याला ते सापडणार नाही. नेदरलँड्समधल्या फेना व्हान नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये म्हणूनच सुचवलं, की विश्लेषण होईल तितका वेळ मूळ भाषेत राहू द्यावं. म्हणजे आधी ध्वनिमुद्रण बोललं तसं, ‘व्हईल’ आणि ‘म्हनले’सकट देवनागरीत उतरवायचं, त्या मराठी कागदावरच कोणत्या ओळीत काय सांगितलं जातं आहे याच्या खुणा करायच्या, आणि निबंधात जाणारी अवतरणं शेवटी इंग्रजीत आणायची. वेळ आणि पैसा वाचवायला थेट ध्वनिमुद्रण ऐकत इंग्रजी टंकण्याची पद्धत बरीच चालते. तीत मराठी कागद उरतच नाही, त्यामुळे शंका आली तर ताडून पाहायला काही नसतं.

अर्थात गटातल्या साऱ्यांना मराठी येतंच असं नाही. तेव्हा निदान पहिल्या दोन-तीन मुलाखतींचं भाषांतर क्षेत्रकाम चालू असतानाच करावं. ‘काढली’पाशी अडलं की पुढच्या मुलाखतीत विचारता येतं, ‘काढायचं कोणी ठरवलं?’ सहा महिन्यांनी अडलं तर ती बाई उसाच्या फडावर दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित कर्नाटकात गेलेली असते.

वैद्यकीय शब्दांचा मोह वेगळाच. ‘पांढरं जायचं’ला ‘ल्युकोरिया’ लिहिलं की मजकूर भारदस्त दिसतो, पण बाईने निदान सांगितलेलं नाही, त्रास सांगितला आहे. ‘पिशवी’चंही तसंच. पिशवीबरोबर बीजांडकोश काढले की नाही, हे या शब्दातून कळत नाही. बीजांडकोश गेले असतील तर तरुण वयातच पाळी कायमची थांबल्याचे सारे परिणाम सुरू होतात. म्हणून नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे दवाखान्याचे कागद पाहिल्याखेरीज भाषांतरकाराने ठरवू नये. ‘खाडा’ मात्र ‘खाडा’च ठेवून एकदा समजावून द्यावा. ती नुसती सुट्टी नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते, वर मुकादम पैसे कापतो. दर महिन्याला अंग दुखून खाडे पडणाऱ्या बाईला पिशवी काढणं का परवडतं, ते त्याशिवाय वाचकाला समजत नाही.

असे शब्द आणि त्यांचे ठरवलेले अर्थ यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवली, तर निबंधासोबत ती पुरवणी म्हणून जोडता येते. मुलाखतींवरचे निबंध कसे लिहावेत यासाठी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कोरेक’ नावाची 32 कलमी यादी अनेक नियतकालिकं मागतात. तीत भाषांतर कोणी, कसं केलं असा स्वतंत्र प्रश्न नाही, म्हणून बरेच लेखक त्याबद्दल एका ओळीत आवरतात. निदान चार ओळी तरी लिहाव्यात: भाषांतरकार कोण, त्याला त्या भागातली बोली येते का, तपासलं कोणी, मतभेद कसे मिटवले.

आणि छपाईपूर्वीचा मजकूर मराठी कागद शेजारी ठेवून वाचावा. इंग्रजी संपादकांना कर्त्याविना वाक्य आवडत नाही. ‘सो इट वॉज रिमूव्ह्ड’ सफाईदार करण्याच्या नादात ते पुन्हा ‘आय’ घालतात, आणि शेवटच्या घाईत ही दुरुस्ती सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.