उसाची पात आणि अठरा तास

उसाच्या फडात कोयता चालवताना पात डोळ्याला घासून जाणं ही रोजचीच गोष्ट. क्षणभर डोळा मिटतो, पाणी येतं, पदराच्या टोकाने पुसलं की पुन्हा काम सुरू. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण पातीच्या काठाला बारीक दाते असतात आणि त्यावर मातीतली बुरशी बसलेली असते.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या सर्वांत वरच्या पातळ थरातून बुरशीला सहसा आत शिरता येत नाही. पातीने ओरखडा काढला की वाट मोकळी होते. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. पण त्याच कारणाने जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे उशिरा पोहोचतात. फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी शेतातल्या माती-पाचटात सर्रास असतात. त्यांचे धागे पडद्याच्या थरांमधून आत आत सरकत जातात.

एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीला आलेल्या एका बाईच्या उजव्या डोळ्याला सोमवारी पात लागली. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे खाडा परवडत नाही. दोन दिवस नुसतं खुपत होतं. कुणी मध घाल म्हणालं, कुणी जिभेने कचरा काढून दिला. गुरुवारी नवऱ्याने औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले. दुकानदार म्हणाला, “घाला वहिनींच्या डोळ्यात, उद्याला लाली जाईल.” आणि खरंच गेली.

घात झाला तो इथेच. अशा मिश्र थेंबांत बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड असतं. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला त्याने काही होत नाही. स्टिरॉइडमुळे सूज आणि लाली उतरते, कारण ते शरीराची लढाईच थंड करतं. बाईला बरं वाटत होतं, तेव्हा आत बुरशीला मोकळं रान मिळालं होतं.

दहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. बुरशीच्या जखमेचा पृष्ठभाग कोरडा, थोडा उचललेला असतो. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि आजूबाजूला कधी कधी छोटे वेगळे ठिपके उमटतात. पारदर्शक पडद्यामागे खालच्या बाजूला पू साचला असेल तर आजार बराच पुढे गेलेला असतो. नुसतं पाहून मात्र अनुभवी डॉक्टरही फसू शकतात. म्हणून डोळा बधिर करून जखम हलकेच खरवडतात. तो अंश काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे थोड्या वेळातच दिसू शकतात. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. ती न करता आठवडाभर थेंब बदलत राहणं मला अक्षम्य वाटतं.

धागे दिसले की नॅटामायसिनचे पाच टक्क्यांचे थेंब सुरू होतात. सुरुवातीला ते दर तासाला घालायचे, तेही बाटली नीट हलवून, कारण औषध तळाशी बसतं. ते पडद्यात फार खोल उतरत नाही. म्हणून जखम वरवरची असतानाच त्याचा खरा उपयोग होतो. उपचार अनेक आठवडे चालतात. तरीही पडदा गळून भोक पडलं, तर नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवावा लागतो.

मग सोमवारीच काय करता आलं असतं? नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळावर ओरखडा आलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्या 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांची चिघळली. हे मलम बुरशीनाशक नाही. ओरखडा ताजा आणि उघडा असतानाच ते कामाचं. पांढरा ठिपका आल्यावर त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा पात लागली त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, चोळायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डॉक्टर गाठायचा. डॉक्टरांना “डोळा आलाय” असं न सांगता “उसाची पात लागली” असं सांगायचं. या एका वाक्याने त्यांच्या मनात बुरशीची शंका येते आणि स्टिरॉइड लिहिताना हात थांबतो.

उदाहरणातल्या बाईसारखा रुग्ण अकराव्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचतो, तेव्हा डोळा अनेकदा वाचतो, पण नजर वाचत नाही. बुबुळाच्या मधोमध फूल पडतं. पुढच्या हंगामात एकाच डोळ्याने पाहताना उसाचं बूड किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि कोयता धरलेल्या हाताला ते पुन्हा नव्याने शिकावं लागतं.